तक्ता भलत्याच आकड्याचा

प्रश्न: टर्निटिनने माझ्या इंग्रजी प्रबंधाला 42% एआय दाखवलंय. लिहिलाय मीच. आता मी दोषी ठरणार का?

त्या आकड्यावरून ठरू नये. टर्निटिनमध्ये 42% म्हणजे तपासलेल्या गद्यापैकी सुमारे तेवढा भाग एआयने लिहिल्यासारखा त्याच्या मॉडेलला वाटला. तुम्ही लबाडी केल्याची शक्यता 42%, असा त्याचा अर्थ नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचे 38% आले होते. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा. मी अहवाल उघडून बघितला, तर रंगवलेली वाक्यं जवळपास सगळी संशोधनपद्धतीच्या प्रकरणातली: नमुना निवड, प्रश्नावली, अभ्यासाच्या मर्यादा. फडावरच्या मुलाखतींच्या प्रकरणाला रंग जवळजवळ नव्हताच. उघड आहे. पद्धतीचं प्रकरण आपल्याकडे सगळे एकाच साच्यातल्या इंग्रजीत लिहितात, आणि पुढचा शब्द सहज ओळखता येईल असं लेखन यंत्राला यंत्राचंच वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे 91 निबंध 7 डिटेक्टरांना दिले, तेव्हा सरासरी 61 टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले. (त्यात टर्निटिन नव्हतं, हेही सांगतो.)

समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या नियमांचा तक्ता काढला. 10 ते 40 टक्के, म्हणून सहा महिन्यांत सुधारून आणा! अहो, तो तक्ता साम्याचा, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचा आहे. साम्य दाखवलं की मूळ लेख शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडता येते. एआयच्या आकड्यामागे ताडायला मूळ मजकूरच नसतो. तिने मुलाखतींच्या वह्या आणल्या, फाइलच्या जुन्या आवृत्त्या तारखांसकट दाखवल्या. सरांचं एकच पालुपद: "सॉफ्टवेअर कशाला खोटं बोलेल?" एक सत्र वाया गेलं पोरीचं.

खोटं बोलण्याचा प्रश्नच नाही, चुकण्याचा आहे. टर्निटिनचा स्वतःचा दावा चूक 1 टक्क्याहून कमी, असा होता. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला: 2022 मध्ये त्यांच्याकडे 75,000 पेपर तपासले गेले, म्हणजे 1 टक्क्याने सुमारे 750 पेपरांवर नाहक ठपका आला असता. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी टर्निटिनची एआय ओळखण्याची सोय बंद केली. केवळ या आकड्यावर कारवाई करू नका, असं टर्निटिनही सांगतं.

तेव्हा पूर्ण अहवाल मागा, रंगवलेली वाक्यं कुठली ते बघा आणि त्यांवरच तोंडी परीक्षा घ्या, असा अर्ज द्या. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर ते आधीच लेखी सांगून टाका; तेवढ्यानेही रंग चढू शकतो. आणि कोणी साम्याचा तक्ता पुढे केलाच, तर त्यात एआयचा आकडा कुठल्या कलमात बसतो ते लेखी मागा. आमच्या सरांनी ते कलम अजून दाखवलेलं नाही.