आरोपपत्र, दोषारोप आणि ‘वॉरंट केस’मधला वॉरंट

‘गडग्यावरून झालेल्या मारामारीत पोलिसांनी भावावर आरोपपत्र दाखल केलं. आता कोर्टात चार्ज फ्रेम व्हायचा आहे म्हणतात. दोन्ही एकच ना? आणि घरी आलं समन्स, तरी वकील म्हणतात ही वॉरंट केस. ते कसं?’

एकच नव्हेत, आणि घोटाळा शब्दानेच केला आहे. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात जे कागद देतात त्याला कायद्यात नुसता ‘पोलीस अहवाल’ म्हणतात. आपण त्याला आरोपपत्र म्हणतो, पोलीस ठाण्यात दोषारोपपत्रही म्हणतात. पण त्यात असतो तो पोलिसांचा दावा. दोषारोप, म्हणजे कोर्टातला ‘चार्ज’, ठेवायचा की नाही, हे न्यायाधीश ते कागद वाचून आणि दोन्ही बाजू ऐकून ठरवतात. म्हणून पोलिसांपुरतं ‘दाखल केलं’ म्हणावं आणि कोर्टापुरतं ‘दोषारोप ठेवला’. बातम्यांतलं ‘आरोप निश्चित’ मला पटत नाही, कारण गुन्हा सिद्ध झाल्यासारखं कानाला लागतं. प्रत्यक्षात पुरावा तिथून पुढे सुरू होतो.

दोषारोप हा बहुधा एका पानाचा कागद असतो. मजकूर साधारण असा: ‘तुम्ही अमुक तारखेला सकाळी सातच्या सुमारास मौजे अमुक येथे, सामाईक गडग्याजवळ, फिर्यादीच्या डाव्या दंडावर कोयतीने वार करून त्यास दुखापत केली आणि त्याद्वारे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली शिक्षेस पात्र असा अपराध केला.’ वेळ, जागा, माणूस, हत्यार, कलम. हे आरोपीला वाचून, समजावून सांगतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ तेव्हा मान डोलावू नये. नीट कळलं नसेल तर तसं सांगावं, कारण कबुलीवर तिथेच शिक्षा होऊ शकते.

आता समन्स आणि वॉरंट. खटल्याचं हे नाव घरी आलेल्या कागदावरून पडत नाही, कलमातल्या जास्तीत जास्त शिक्षेवरून पडतं. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर समन्स खटला. दोन वर्षांहून जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी असेल तर वॉरंट खटला. वॉरंट खटल्यातही न्यायाधीश आधी समन्स काढू शकतात, तुमच्याकडे तेच झालं. उलट समन्स खटल्यात आरोपी तारखेला गेलाच नाही तर वॉरंट निघतं, म्हणून काही तो वॉरंट खटला होत नाही.

देवगडकडच्या एका वाडीतला गडगा धरू. हाताने मारून दुखापत केली तर कलम ११५(२), जास्तीत जास्त एक वर्ष, म्हणजे समन्स खटला. इथे रीतसर दोषारोप लिहीतच नाहीत, गुन्ह्याचा तपशील सांगून जबाब विचारतात. तोच वार कोयतीचा असेल तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत. झाला वॉरंट खटला, इथे दोषारोप लेखी हवा. दोन्ही कलमं एकाच प्रकरणात असली तर वजनदार कलमामागे सगळं प्रकरण वॉरंट पद्धतीने चालतं. आणि वार मानेवर असून जीव घ्यायचाच इरादा होता असं पोलिसांचं म्हणणं असेल तर कलम १०९, खुनाचा प्रयत्न. तो फक्त सत्र न्यायालयाने चालवायचा. देवगडचे दंडाधिकारी कागद तपासून प्रकरण ओरोसच्या सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करतात (कोर्टात सगळे ‘कमिट केलं’ म्हणतात), आणि दोषारोप तिथे ठेवला जातो. सत्र न्यायाधीशांना वाटलं की कागदांवरून खुनाचा प्रयत्न दिसत नाही, कोयतीची दुखापत तेवढी दिसते, तर ते तेवढाच दोषारोप ठेवून प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे धाडू शकतात. म्हणून जखमेच्या दाखल्यात जागा आणि खोली काय लिहिली आहे ते आधी वाचा.

तुमच्या भावाची खरी संधी दोषारोपाच्या आधीची आहे. कागदांत काहीच तथ्य नसेल तर ‘दोषारोप न ठेवता सोडा’ असा अर्ज करता येतो. बातम्यांत याला दोषमुक्ती म्हणतात. पुरावा होऊन शेवटी सुटणं ते वेगळं, ती निर्दोष मुक्तता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने या अर्जाला ६० दिवस दिले आहेत. वॉरंट खटल्यात ते कागदांच्या नकला मिळाल्यापासून मोजतात, सत्र खटल्यात सुपूर्द केल्याच्या तारखेपासून. नकला मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणता म्हणता हे दिवस जातात.

एकदा ठेवलेला दोषारोप निकाल सांगेपर्यंत बदलता येतो. कलम बदललं तर ते पुन्हा वाचून सांगावं लागतं, आणि झालेले साक्षीदार परत बोलवून त्या बदलाबाबत त्यांची तपासणी करण्याची मुभा दोन्ही बाजूंना मिळते. दोषारोपात तारीख किंवा जागा चुकली एवढ्यावरून खटला पडत नाही. त्या चुकीने आरोपीची खरोखर दिशाभूल होऊन न्याय हुकला, हे दाखवावं लागतं.