वेल्डिंग रॉड किती किलो लागेल? खाचेपासून खरेदीपर्यंतचा हिशेब

१२ मिमी प्लेटचे बट जोड आहेत, एकूण लांबी २४ मीटर. ६० अंशांची व्ही, रूट गॅप ३, रूट फेस २. ७०१८ रॉड किती मागवू? दुकानदार म्हणतो, मीटरला दीड किलो धरा. – सुपरवायझर, भोसरी

दुकानदाराचा आकडा तुमच्या या जोडाला बरोबर लागू पडतो. पण तो कुठून आला हे माहीत नसेल, तर पुढच्या जोडाला तोच आकडा तुम्हाला फसवेल. म्हणून एकदा पूर्ण हिशेब करू.

खाच आडवी कापली असं समजा. तिच्यात दोन आकार दिसतात. मधली ३ मिमी रुंदीची उभी पट्टी वरपासून खालपर्यंत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना बेव्हलचे दोन त्रिकोण असतात आणि ते रूट फेसच्या वर सुरू होतात. प्लेटची जाडी t, गॅप g, रूट फेस f आणि दोन बेव्हलमधला पूर्ण कोन α धरला, तर खाचेचं क्षेत्रफळ असं येतं:

```
A = g*t + (t - f)^2 * tan(α/2)
```

पट्टी ३ × १२, म्हणजे ३६ चौ. मिमी. त्रिकोण १० × १० × ०.५७७, म्हणजे ५७.७. खाच भरली, पण जोड इथे संपत नाही, कारण वर कॅप येते. खाचेचं तोंड साधारण १४.५ मिमी रुंद आहे. कॅप दोन्ही कडांवर थोडी चढते, म्हणून रुंदी १७ धरा. उंची २ मिमी. कॅपचा आकार कमानीसारखा असल्याने रुंदी गुणिले उंचीचे दोन तृतीयांश घ्यायचे, म्हणजे २२.७. खाली रूटच्या बाजूने धातू थोडा बाहेर येतो, त्याचे ३ धरा. बेरीज जवळपास १२० चौ. मिमी होते.

वजन काढायला एक सोपी युक्ती आहे. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी असल्यामुळे चौ. मिमीला थेट ७.८५ ने गुणलं की मीटरमागे ग्रॅम मिळतात. १२० × ७.८५ म्हणजे ९४२ ग्रॅम. २४ मीटरला २२.६ किलो. (अॅल्युमिनियमच्या कामाला ७.८५ ऐवजी २.७ घ्या, बाकी सगळं तेच.)

हे २२.६ किलो म्हणजे जोडात शेवटी उरणारा धातू. रॉडच्या वजनातलं फ्लक्सचं आवरण बहुतांशी स्लॅग आणि धूर होऊन जातं, थोडं स्पॅटर उडतं आणि होल्डरमध्ये थोटूक उरतं. ७०१८ चा ४ मिमी रॉड ५० मिमीच्या थोटकापर्यंत जाळला, तर विकत घेतलेल्या वजनातलं साधारण ६४ टक्के जोडात येतं. २२.६ भागिले ०.६४ म्हणजे ३५.३ किलो, मीटरमागे जवळपास दीड किलो.

इथे ‘भागिले’ या शब्दावर थांबतो, कारण सर्वात जास्त चुका याच जागी होताना पाहिल्या आहेत. ३६ टक्के वाया जातं म्हणून लोक २२.६ मध्ये ३६ टक्के मिळवतात आणि ३०.७ किलो मागवतात. तूट विकत घेतलेल्या वजनावर मोजलेली असते, जोडातल्या धातूवर नाही. या चुकीने तुम्हाला साडेचार किलो रॉड कमी पडले असते.

आता दुकानदाराचा दीड किलो १६ मिमीच्या प्लेटवर वापरून बघा. कोन, गॅप, रूट फेस सगळं तेच ठेवलं, तर क्षेत्रफळ १९३ चौ. मिमी होतं. जाडी एक तृतीयांशाने वाढली, धातू साठ टक्क्यांनी. त्रिकोणाची उंची वाढते तशी रुंदीही वाढते, म्हणून. तिथे मीटरला जवळपास २.४ किलो रॉड लागेल.

तुम्ही एका ठिकाणी ७०१८ ला ६४ टक्के कार्यक्षमता धरायला सांगितलंत. आमच्या पुड्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात ११० टक्के लिहिलंय. खरं काय? – स्टोअर्स विभाग, सातपूर, नाशिक

दोन्ही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. माहितीपत्रकातला आकडा ‘रिकव्हरी’चा आहे. जितकी आतली तार वितळली, तिच्या वजनाच्या तुलनेत किती धातू जमा झाला, एवढंच तो सांगतो. ७०१८ च्या आवरणात लोखंडाची भुकटी असते आणि तीही वितळून जोडात उतरते. म्हणून आकडा शंभराच्या वर जातो. पैसे मात्र तुम्ही नुसत्या तारेचे देत नाही. आवरणासकट अख्ख्या रॉडचे देता.

एकच रॉड घेऊन बघू. ४ मिमी जाडीची ४५० मिमी लांब तार सुमारे ४४.४ ग्रॅम भरते. ५० मिमी थोटूक सोडून ४०० मिमी जळली, म्हणजे ३९.५ ग्रॅम. तिच्या ११० टक्के म्हणजे ४३.४ ग्रॅम धातू जोडात आला. आवरणासकट रॉड ६८ ग्रॅमचा असेल, तर ४३.४ भागिले ६८, म्हणजे ६४ टक्के. वरचा आकडा असाच आला आहे. आवरणाची जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यामुळे ६८ ग्रॅम गृहीत न धरता तुमच्या पुड्यातले दहा रॉड एकत्र वजन करा.

थोटकाकडे लक्ष द्या. वेल्डर १०० मिमी शिल्लक असतानाच रॉड टाकत असेल, तर त्याच रॉडमधून ४३ ऐवजी ३८ ग्रॅम धातू मिळतो आणि कार्यक्षमता ५६ टक्क्यांवर येते. भोसरीच्या वाचकाचं २२.६ किलोचं काम मग ३५ ऐवजी ४० किलो रॉड खाईल. आमच्या वर्कशॉपमध्ये मी वर्षानुवर्षे थोटकांचा डबा तराजूवर ठेवत आलो आहे. अडचणीच्या जागी किंवा ओव्हरहेड काम असेल, तर लांब थोटूक पडणारच, त्यासाठी वेल्डरला बोलू नका. टेबलावरच्या सपाट कामात डबा जड निघाला तर मात्र विचारा. आणखी एक गोष्ट. रूटच्या रनला ३.१५ चा ३५० मिमी रॉड वापरत असाल, तर तेवढंच ५० मिमीचं थोटूक ११ ऐवजी १४ टक्के लांबी खातं. रूटचा हिशेब वेगळा केलेला बरा.

आम्ही तुमच्यासारखाच हिशेब केला, कार्यक्षमताही नीट धरली, तरी प्रत्येक वेळी तीस-चाळीस टक्के रॉड जास्त जातात. चोरी होतेय का? – लघुउद्योजक, बुटीबोरी

चोरीचा संशय घेण्याआधी फिटरने टाके मारलेला जोड मोजा. हिशेब ड्रॉइंगवरच्या खाचेचा होता, वेल्डर मात्र प्रत्यक्षातली खाच भरतो.

याच १२ मिमीच्या जोडात गॅप ३ ऐवजी ५ झाला असं धरा. हाताने गॅस कटिंग केलेल्या कडेला हे सहज होतं. गॅपची पट्टी पूर्ण जाडीतून जाते, म्हणून २ मिमीने २४ चौ. मिमी वाढले. कॅप रुंद झाली आणि रूटही थोडा वाढला. १२० चे १४७ झाले. आता वेल्डरने कॅप २ ऐवजी ४ मिमी उंच केली, तर १७२. म्हणजे जवळपास ४४ टक्के जास्त धातू, आणि त्यातला एकही ग्रॅम कोणी घरी नेलेला नाही. तुमचा तीस-चाळीस टक्क्यांचा फरक या दोन गोष्टींतच मावतो.

यात गॅपचा दोष जास्त त्रासदायक आहे. जास्तीचा धातू म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त आकसणं, म्हणून प्लेट वाकते. वाकलेली प्लेट सरळ करण्यात रॉडच्या किमतीपेक्षा जास्त वेळ जातो. कॅपच्या वाढीव उंचीने जोडाला ताकद मिळत नाही. उलट कडेला, जिथे वेल्ड प्लेटला भेटतं, तिथे ताण साठतो, आणि कंपन सोसणाऱ्या कामात तडा तिथूनच सुरू होतो.

तपासायची रीत अशी. वेल्डिंग सुरू होण्याआधी टेपर गेजने प्रत्येक जोडाचा गॅप तीन जागी घ्या, दोन्ही टोकांना आणि मध्ये. सरासरी खडूने प्लेटवरच लिहा. वेल्डिंग झाल्यावर कॅपची उंची आणि रुंदी मोजा. या तीन मापांवरून क्षेत्रफळ पुन्हा काढा आणि झालेल्या खर्चाशी ताडून बघा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका साइटवर रात्रपाळीला रॉड संपले होते. दोष स्टोअरकीपरवर आला. दुसऱ्या दिवशी गेज लावल्यावर गॅप बऱ्याच जागी ६ मिमी निघाला. त्या माणसाची माफी मागायला मी स्वतः गेलो होतो.

तरीही फरक उरला, तर तुमच्या शॉपची कार्यक्षमता प्रत्यक्ष मोजा. ३०० मिमीच्या दोन प्लेटला टाके मारा आणि त्यांचं वजन घ्या. दहा रॉडचं वजन घ्या. ते दहाही नेहमीसारखे जाळा. स्लॅग पूर्ण काढा, वायर ब्रश मारा, प्लेट थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले दहा रॉडचं वजन, हीच तुमची कार्यक्षमता. प्लेटला स्लॅग चिकटून राहिला तर आकडा खोटा चढतो, तेवढं सांभाळा. मध्ये ग्राइंडर मात्र मारू नका, नाहीतर काढलेला धातूही तुटीत धरला जाईल.

जर्मन ग्राहकाच्या ड्रॉइंगवर फिलेटला ‘ए ५’ लिहिलंय. ३४० मीटर काम, १.२ ची सॉलिड वायर. तीन स्पूल मागवले, अर्ध्यातच संपत आले. – उत्पादन अभियंता, चाकण

आधी वायर मागवण्याचं थांबवा आणि झालेले जोड फिलेट गेजने तपासा. युरोपियन पद्धतीत ‘ए’ म्हणजे फिलेटची घशाची जाडी, तर ‘झेड’ म्हणजे पायाची लांबी. आपल्याकडे साध्या ‘५ मिमी फिलेट’चा अर्थ पाय असा घेतला जातो. तुम्ही तसाच घेतलेला दिसतो.

पाय ५ असेल तर क्षेत्रफळ १२.५ चौ. मिमी. घसा ५ असेल तर पाय ७.१ येतो आणि क्षेत्रफळ २५, बरोबर दुप्पट. २५ × ७.८५ म्हणजे मीटरला १९६ ग्रॅम, ३४० मीटरला ६६.७ किलो. पृष्ठभाग थोडा फुगीर येतो, त्याचे दहा टक्के धरून ७३.४. सॉलिड वायरमध्ये फ्लक्स नाही, थोटूक नाही, फक्त स्पॅटर आणि थोडी टोकं जातात, म्हणून ९३ टक्के धरा. ७९ किलो, म्हणजे १५ किलोचे सहा स्पूल.

तुमच्या वेल्डरने ड्रॉइंग नीट वाचून ७ चा पाय घातला असेल, तर वायर अर्ध्यात संपणं स्वाभाविक आहे, आणखी तीन स्पूल मागवा. पण काही जोड ५ च्या पायाने झाले असतील, तर त्यांचा घसा साडेतीन मिमीच आहे. ते ग्राहकाला कळवून, त्याच्या संमतीने वरून आणखी एक रन घालून पूर्ण करावे लागतील. कोणत्या पाळीत कोणी कुठले जोड केले, ती नोंद आजच काढून ठेवा, पेंट लागण्याआधी.