स्क्री प्लॉटमध्ये दोन घटक ठेवू की तीन?

"रावेर-यावलच्या केळीच्या ४० शेतांतली माती तपासली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, चुनखडी, जस्त अशी ८ मोजमापं. पीसीएत आयगेनमूल्यं ३.३, १.८, १.०५, ०.६, ०.५, ०.३५, ०.२५, ०.१५ आली. किती घटक ठेवू?"

दोन ठेवा.

स्क्री म्हणजे कड्याखाली साचलेला दगडांचा ढिगारा. सातपुड्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा: उभा कडा संपतो आणि सैल दगडांचा उतार सुरू होतो. आयगेनमूल्यं मोठ्याकडून लहानाकडे मांडलेल्या स्क्री प्लॉटच्या आलेखातही ढिगारा कुठे सुरू होतो ते उजवीकडून डावीकडे येत शोधायचं. तुमची शेवटची पाच मूल्यं जवळपास एका तिरक्या रेषेत बसतात. दुसरं त्या रेषेच्या खूप वर आहे. घोळ फक्त तिसऱ्याचा.

ते १ पेक्षा जास्त आहे म्हणून ठेवायचा मोह होईल. पण प्रमाणित केलेल्या मोजमापांत १ म्हणजे एका मोजमापाइतकंच विचरण. शिवाय नमुने ४०च. प्रत्येक स्तंभातले आकडे स्वतंत्रपणे पिसून पीसीए शंभरदा चालवा. काहीच संबंध नसतानाही तिसरं मूल्य सरासरी १.२ च्या आसपास येईल. तुमचं त्याखाली आहे. पहिली दोन मात्र पिसलेल्यांच्या बरीच वर राहतील. याला समांतर विश्लेषण म्हणतात (हॉर्न, १९६५), आणि नुसत्या नजरेपेक्षा माझा यावरच जास्त विश्वास आहे.

तुमच्या मूल्यांची बेरीज ८ येते, म्हणजे प्रमाणीकरण झालंय. ते करायचं राहिलं असतं तर हेक्टरी शेकडो किलोंत मोजलेल्या पालाशनेच पहिला घटक गिळला असता आणि कडा संपून ढिगारा सुरू होतो तो कोपर पहिल्यानंतर लगेच, खोटाच दिसला असता.