डॉख, माल, एबेन आणि आपला 'की'

"दोन वर्षं जर्मन शिकतोय. शिक्षक बोलताना डॉख, माल, एबेन हे शब्द वाक्यावाक्यात टाकतात. शब्दकोशात प्रत्येकाचे पाच-सहा अर्थ आहेत, पण त्यातला एकही त्या वाक्यात बसत नाही. काढून टाकले तरी वाक्य चुकत नाही. मग ते तिथे करतात काय? मराठीत त्यांना काही जवळचं आहे का?"

जवळचं आहे, आणि ते रोज आपल्या तोंडात आहे. 'बसा की', 'ये जरा', 'पोरच ते' यांतले की, जरा आणि च काढून पाहा. वाक्य चुकत नाही, पण बोलणारा माणूस वाक्यातून निघून जातो. जर्मनमधल्या या शब्दांचं कामही असंच आहे. घडलं काय हे ते सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे, त्याने काय धरून चाललं आहे आणि बोलणाऱ्याला त्याबद्दल काय वाटतं, हे सांगतात. शब्दकोशातला अर्थ वाक्यात बसत नाही तो यामुळेच.

खुद्द जर्मन भाषकांनाही हे शब्द बराच काळ फालतू वाटत होते. लुडविग रायनर्स या शैलीतज्ज्ञाने त्यांना भाषेच्या अंगावरच्या उवा म्हटलं होतं. हाराल्ड वाइट यांनी १९६९ मध्ये त्यांचा नीट अभ्यास मांडला आणि 'आप्टोनुंग्सपार्टीकेल', म्हणजे रंगछटा देणारे शब्द, हे नाव रुळलं. त्यांनी तुलनेला फ्रेंच घेतली होती. फ्रेंचमध्ये असे शब्द फार नाहीत, म्हणून फरक ठळक दिसला. आपली सोय उलटी आहे. मराठीत असे शब्द भरपूर आहेत, त्यामुळे आपल्याला जर्मन वाक्याची चव थेट कळू शकते.

डॉखपासून सुरुवात करू, कारण तो समजला की बाकीचे सोपे होतात. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद असतात. समजा, घरातलं कुणी पिशवी घेऊन सामान आणायला निघालं. तुम्ही म्हणता, 'हॉयटं इस्ट डॉख झोनटाग.' मराठीत: 'अगं, आज रविवार आहे की!' रविवार आहे ही बातमी नाही, तिला ते ठाऊकच आहे. पण तिच्या वागण्यात ते दिसत नाही. तुला माहीत असलेली गोष्ट आणि तू करतेस ती गोष्ट यांचा मेळ बसत नाही, एवढं डॉख दाखवून देतो. यात दोन गोष्टी एकत्र असतात: दोघांना ठाऊक असलेली बाब, आणि तिच्या आड येणारं काहीतरी. दोन्ही असल्या तरच डॉख शोभतो. डॉखविना नुसतं 'हॉयटं इस्ट झोनटाग' म्हटलं तर ती साधी माहिती होते, तारीख विसरलेल्या माणसाला सांगावी तशी.

म्हणूनच डॉख जपून वापरावा लागतो. मी जर्मनीत नवीन असताना घरमालकीणबाईंनी विचारलं, पाण्याचा नळ गळतो हे आधी का नाही सांगितलं? मी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी उत्तर दिलं, 'डास हाबं इश ईनेन डॉख गेझाग्ट.' मनात होतं, 'मी सांगितलं होतं तुम्हाला.' त्यांच्या कानी पडलं, 'सांगितलं होतं की तुम्हाला!' त्यांचा चेहरा उतरला. व्याकरणाची चूक एकही नव्हती, पण मी त्यांना विसराळू ठरवून बसले होते. डॉखऐवजी 'शोन' म्हणजे 'आधीच' वापरलं असतं तर वाक्य निमूटपणे गेलं असतं.

हाच डॉख आज्ञार्थात आला की मात्र प्रेमळ वाटू शकतो. पाहुणे दारात अवघडून उभे आहेत. 'झेट्सेन झी झिश' एवढंच म्हटलं तर 'बसा' असं कोरडं होतं. 'झेट्सेन झी झिश डॉख' म्हटलं की ते 'बसा की!' होतं. कोल्हापूर-साताऱ्याकडे 'या की, बसा की, जेवा की' असा आग्रह ऐकलाय ना, तोच. इथेही काहीतरी आड आलेलं असतं, पाहुण्यांचा संकोच. बसायला काही अडचण नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग उभे का, असं डॉख विचारतो. आणि पाहुण्यांच्या जागी टाळाटाळ करणारा मुलगा असेल तर तोच डॉख वैतागाचा होतो: 'कर की एकदाचं!' शब्द तोच असतो. पलीकडे संकोच आहे की आळस, यावर त्याचा रंग ठरतो.

तिसरी जागा नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराची. 'कोम्स्ट डू निश्ट?' (येत नाहीस का?) याला 'या' म्हणजे 'हो' असं उत्तर देत नाहीत. एकच शब्द येतो: 'डॉख!' मराठीत आपण 'हो' म्हणालो तर हो येणार की हो येणार नाही, असा गोंधळ होतो, म्हणून आपणही म्हणतो, 'येणार की!' आठवण करून देणं, आग्रह करणं आणि नकार खोडणं, ही तिन्ही कामं डॉख आणि की दोघेही करतात. या दोन भाषांत असं जुळणं मला अजूनही सुखावतं.

पण जोडी पूर्ण नाही, आणि कुठे तुटते ते माहीत असायला हवं. 'डू कोम्स्ट डॉख मॉर्गेन?' हे प्रश्नाच्या सुरात म्हटलं तर मराठीत की नव्हे, ना लागतो: 'उद्या येतोयस ना?' आणि डॉखवर जोर दिला की शब्दच बदलल्यासारखा होतो. 'एअर इस्ट डॉख गेकोमेन' यात जोर 'गेकोमेन'वर असेल तर 'तो आला होता की!' जोर डॉखवर असेल तर 'नाही नाही म्हणता शेवटी आलाच.' लिहिलेलं अगदी एकसारखं दिसतं. रंग देणारा डॉख कधीच जोर घेत नाही, ही त्याची सर्वांत सोपी ओळख.

माल हा 'आइनमाल' म्हणजे 'एकदा' या शब्दाचा झिजलेला अर्धा भाग. एखादं काम सांगताना माल घातला की ते काम छोटं, एका वेळेपुरतं होतं आणि म्हणून सांगणं सौम्य होतं. आपला जरा हेच करतो. तो मुळात अरबीतला, कणाचा अर्थ असलेला शब्द. जर्मनने मऊपणा 'एकदा'तून काढला, आपण 'कणभर'मधून. 'कोम माल हेअर' म्हणजे 'ये जरा इकडे'. 'त्साइग माल' म्हणजे 'दाखव बघू'. सूर चढवला तर मात्र हेच 'ये बघू इकडे!' होतं आणि पोरगं समजतं की आता काही खरं नाही. सौम्य शब्द वापरून दटावण्याची सोय दोन्हीकडे आहे.

मालची मर्यादा त्याच्या उगमातच आहे. जे काम एकदा करून संपत नाही त्याला तो लागत नाही. 'आईवडिलांवर प्रेम कर' या वाक्यात माल घातला तर ऐकणारा दचकेल, जसा 'आईवडिलांवर जरा प्रेम कर' ऐकून आपण दचकू. मोठी गोष्ट मागतानाही माल टाळावा. पाचशे युरो उसने मागताना तो घातला तर तुम्ही रक्कम किरकोळ ठरवताय असं वाटतं. शिवाय 'निश्ट माल' ही जोडी वेगळीच आहे. तिचा अर्थ 'सुद्धा नाही' असा होतो, तिथे मऊपणा शोधू नका.

एबेनचा मूळ अर्थ सपाट. मैदानाला 'एबेनं' म्हणतात ते त्यावरूनच. रंगछटेचा एबेन म्हणतो: हे असंच आहे, यात चढउतार नाही, वाद संपला. 'डास इस्ट एबेन झो' म्हणजे 'असतं तसं, काय करणार'. 'एअर इस्ट एबेन आइन किंट' म्हणजे 'पोरच ते'. इथे आपला च सर्वांत जवळ येतो, पण च जोर घेतो आणि एबेन हताशपणे हात झटकतो, एवढा फरक राहतो. दक्षिणेकडे याच जागी 'हाल्ट' म्हणायची पद्धत होती, आता ती उत्तरेतही खूप पसरली आहे. म्युनिकच्या मित्राच्या तोंडी हाल्ट आला तर एबेनच समजा.

शिकणाऱ्याची फसगत होते ती एबेनच्या दुसऱ्या अर्थांमुळे. 'एअर वार एबेन हिअर' म्हणजे 'तो आत्ताच इथे होता'. इथे काळ आहे, हताशपणा नाही. एकटाच 'एबेन!' म्हटला तर 'अगदी बरोबर, तेच म्हणतोय मी!' आणि 'माल एबेन' एकत्र आले तर 'पटकन जरा'.

आता एकच वाक्य घेऊन त्यात हे शब्द एकेक करून घालून पाहू. 'माख डास फेन्स्टर त्सू': खिडकी लाव. 'माख माल डास फेन्स्टर त्सू': खिडकी लाव जरा. 'माख डॉख डास फेन्स्टर त्सू': लाव की खिडकी. हे कुणाला म्हणाल? मघापासून थंडी वाजते म्हणून कुरकुरणाऱ्या, पण जागेवरून न उठणाऱ्याला. डॉखला लागणारी आड आलेली गोष्ट इथे ती कुरकुर आहे. 'माख डॉख माल डास फेन्स्टर त्सू': जरा लाव की खिडकी. म्हणजे वैताग आहे, पण कडा घासलेली. 'डान माख डास फेन्स्टर एबेन त्सू': मग लाव तर लाव खिडकी, माझं काही म्हणणं नाही. आणि 'कान्स्ट डू माल एबेन डास फेन्स्टर त्सूमाखेन?': पटकन खिडकी लावतोस का जरा?

क्रम 'डॉख माल' असाच राहतो, 'माल डॉख' होत नाही. एकापेक्षा जास्त रंगछटेचे शब्द आले की माल शेवटी जातो. 'माल एबेन'मधला एबेन 'पटकन' या अर्थाचा आहे, म्हणून तो मालनंतर येतो. वाक्याच्या पहिल्या जागी यांतला कुणीही येत नाही. तिथे डॉख दिसला तर तो 'पण' या अर्थाचा दुसरा शब्द आहे. आणि छोटी सर्वनामं त्यांच्या आधी येतात: 'गीब मीअर डॉख माल डास बूख', दे की मला जरा ते पुस्तक. मराठीची सवय की आणि ना वाक्याच्या टोकाला ठेवण्याची, त्यामुळे सुरुवातीला आपल्याकडून डॉखही शेवटी ढकलला जातो. 'झेट्सेन झी झिश डॉख'मध्ये तो शेवटी आहे, पण पुढे दुसरं काही नाही म्हणून. तिथे 'हिअरहेअर' म्हणजे 'इथे' जोडला तर तो डॉखच्या नंतर येईल: 'झेट्सेन झी झिश डॉख हिअरहेअर.'