क्लायंटच्या मेलमध्ये इमोजी: कधी चालतो, कधी नाही

आधी क्लायंटचे जुने मेल उघडून बघ. त्याने स्वतः कधी इमोजी टाकला असेल, तरच तू टाकायचा विचार कर. समजा त्याने लिहिलं, ‘डेमो छान झाला, टीमला धन्यवाद 🙂’. अशा वेळी तुझ्या उत्तरात आभाराच्या वाक्याशेवटी एक 🙂 अगदी शोभतो. विषयाच्या ओळीत मात्र नको.

दोन दिवसांनी त्याच थ्रेडमध्ये तो बिलातल्या फरकाबद्दल विचारतो आणि सीसीमध्ये त्यांच्या अकाउंट्सच्या बाई येतात. आता इमोजी गाळायचा. त्या बाईंनी तुमच्या आधीच्या गप्पा पाहिलेल्या नाहीत, आणि पैशांच्या प्रश्नावर हसरा चेहरा त्यांना टाळाटाळ वाटू शकतो. उशीर, तक्रार, माफी यांनाही हेच लागू.

मंजुरीच्या जागी 👍 तर कधीच पाठवू नकोस. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर आला, शेतकऱ्याने नुसता 👍 पाठवला. ‘करार मिळाला एवढंच म्हणायचं होतं’, असं त्याचं म्हणणं. 2023 मध्ये न्यायालयाने ती संमती मानली आणि त्याला 82,000 डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. म्हणून ‘मसुदा मिळाला, तपासून गुरुवारपर्यंत कळवतो’ असं सरळ लिही.

आणि आउटलुकमध्ये :) टाइप केलंस तर पाठवण्याआधी नीट बघ. त्याच्या जुन्या आवृत्त्या त्याचा विंगडिंग्ज फॉन्टमधला चेहरा करतात, आणि समोरच्याला काही वेळा नुसता J दिसतो.