मळका ससा, फाटका कान: लाडक्या खेळण्याबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मुलगा दोन वर्षांचा आहे. एक कापडी ससा त्याला सतत जवळ लागतो, झोपताना कान नाकाला लावूनच झोपतो. ससा इतका मळलाय की वास मारतो. मागच्या महिन्यात धुतला तर "हा माझा नाही" म्हणून फेकून दिला आणि रात्रभर रडला. धुवायचा तरी कसा?

उत्तर: त्याने ससा फेकला तो वासामुळे. त्या कानात त्याची लाळ, दूध, तुमच्या अंगाचा वास असं सगळं मुरलेलं असतं आणि झोप लागायला त्याला तेच हवं असतं. विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय, की अशी वस्तू मळकी आणि वासाची झाली तरी आई ती राहू देते कारण धुतली तर बाळासाठी तिचा सलगपणाच तुटतो. पण म्हणून कधीच धुवायची नाही असं नाही, वास एकदम जाणार नाही अशा बेताने धुवायची. महिनोन् महिने मळू दिलं आणि मग एकदा घासूनपुसून काढलं की फरक फार मोठा पडतो, त्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी हलकं धुतलं तर त्याला फारसं जाणवतही नाही.

साबण तोच वापरा जो त्याच्या रोजच्या कपड्यांना लावता, तोही नेहमीच्या निम्माच. सुगंधी कंडिशनर नको, वासाचं जंतुनाशकही नको. आधी सगळ्या शिवणी बोटांनी चाचपून बघा, कुठे उसवली असेल तर दोन टाके घाला, नाहीतर मशीनभर कापूस होतो. मग ससा उशीच्या अभ्र्यात घालून तोंड नाडीने बांधा आणि गार पाण्यात नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर धुवा, एकदा जास्त खळबळून काढा. पोटात वाजणारी डबी असेल तर मशीनमध्ये घालायचं नाही, ओल्या फडक्याने वरून पुसायचं फक्त.

खरी अडचण वाळवण्याची आहे, विशेषतः पावसाळ्यात. वरून कोरडा लागतो पण पोटातला कापूस ओलाच असतो आणि दोन दिवसांनी कुबट वास यायला लागतो. यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. धुण्याआधी वजन करून ठेवा, समजा १४० ग्रॅम भरलं आणि वाळल्यावर १६० भरतंय, तर ते वरचे २० ग्रॅम म्हणजे आत राहिलेलं पाणी, अजून वाळवायचं. धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, मग मोठ्या चाळणीत पंख्याखाली ठेवा आणि अधूनमधून उलटा करा. कानाला चिमटा लावून टांगू नका, कान लांब होतो आणि पोरांना तेवढंही कळतं.

वेळ सकाळची घ्या, तो उठल्या उठल्या, म्हणजे झोपेपर्यंत मध्ये बराच वेळ मिळतो. झोपल्यावर गुपचूप काढून घेऊ नका. सशाची आंघोळ आहे म्हणून त्यालाच अभ्र्यात घालू द्या, वाळत ठेवाल तिथे त्याला दिसू द्या. पावसाळी हवेत दिवसभरात वाळेलच याची खात्री नसते, तेव्हा उघडीप बघूनच धुवायला काढा. आणि रात्री द्यायच्या आधी तासभर तुमच्या अंगावरच्या वापरलेल्या ओढणीत किंवा गाऊनमध्ये गुंडाळून ठेवा, तुमचा वास परत येतो आणि बऱ्याच मुलांना तेवढं पुरतं.

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची. तिचा हत्ती हरवला तर काय या भीतीने हुबेहूब तसाच दुसरा आणला, पण तिने एकदा हुंगला आणि टाकून दिला. तिच्या नकळत बदलायची काही युक्ती आहे का?

उत्तर: आहे, पण दुकानातून आणून थेट हातात दिला तर चालत नाही. नवा हत्ती फुगीर असतो, फर उभी असते, जुना चपटा आणि मऊ झालेला असतो. तेव्हा नव्याला आधी जुनं करायचं.

माझ्याकडे येणाऱ्या एका घरात हे असं केलं. नवा हत्ती तिच्या कपड्यांबरोबर चांगला सहा वेळा धुतला, दर वेळी वाळल्यावर सोंड आणि कान हातांनी चोळले. मग पाठीची शिवण थोडी उसवून कापूस चिमटीचिमटीने काढला, काट्यावर दोघांचं वजन सारखं होईपर्यंत, आणि शिवून टाकला. त्यानंतर आई रात्री तो स्वतःच्या उशीखाली ठेवायची आणि दिवसा जुन्याबरोबर एकाच पिशवीत, मुलगी जागी आणि खेळात असेल तेवढा वेळ. दोनेक आठवड्यांनी पहिल्यांदा दिला तो दुपारी, खेळताना, रात्री नाही. दुपारी चालला तेव्हा मग दुपारच्या झोपेला, आणि शेवटी रात्री. तिथून पुढे दोघांची आलटून पालटून पाळी, एक धुवायला तर एक हातात, म्हणजे दोघंही सारखेच झिजत जातात. हे शेवटचं विसरलं की सहा महिन्यांत परत फरक दिसायला लागतो.

ज्यांचं बाळ अजून वर्षाचं व्हायचंय त्यांनी लळा दिसायला लागला की लगेच दुसरं आणून ठेवा, तेव्हा हे फार सोपं जातं. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत कुठलंही मऊ खेळणं ठेवायचं नाही, श्वास कोंडायचा धोका असतो, जागेपणीच द्यायचं.

तीन वर्षांच्या पुढे मात्र हा गुपचूप मार्ग मी सुचवत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवून सांगितलं की यातून कुठल्याही वस्तूची हुबेहूब कॉपी निघते. लळा असलेल्या बहुतेक मुलांनी आपली मूळचीच वस्तू परत मागितली, काहींनी तर यंत्रात ठेवायलाच नकार दिला. या वयात मूल पकडतं आणि मग तुमच्या शब्दावर शंका घ्यायला लागतं. त्याला सरळ सांगा की हा दुसरा आहे, पहिल्यासारखा दिसतो. आणि खरंच हरवला असेल तर हरवला असंच सांगा, "गावाला गेलाय" म्हटलं की ते रोज वाट बघत बसतं. रडू द्या, जवळ घ्या, त्याच रात्री नवं काही हातात कोंबू नका.

प्रश्न: अस्वलाचा कान चावून फाटलाय, बटणाचा डोळा हलतोय, आणि डॉक्टर म्हणाले मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. टाकून देऊ का?

उत्तर: टाकू नका, पण डोळा आजच काढा. हलणारं बटण गिळलं किंवा घशात अडकलं तर फार महागात पडेल, त्या जागी जाड दोऱ्याने डोळा भरून घ्या. कानाच्या आतून मऊ सुती कापडाचा तुकडा लावून शिवा आणि कानाचा जो भाग तो तोंडात धरतो तो शक्यतो तसाच ठेवा.

ॲलर्जीचं कारण धुळीतले सूक्ष्म किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. लेबलवर चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर ते मरतात, पण बरीच सॉफ्ट टॉइज एवढी गरमी सोसत नाहीत. मग अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये पूर्ण चोवीस तास ठेवा आणि नंतर वर सांगितलं तसं गार पाण्यात धुवा. नुसतं फ्रीझरमध्ये ठेवून भागत नाही, किडे मेले तरी त्यांची विष्ठा कापसात राहते आणि त्रास तिचाच होतो, ती धुऊनच जाते. या अस्वलाचं धुणं दर एक-दोन आठवड्यांनी ठेवा.

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा, सासूबाई म्हणतात दुपट्याची सवय आत्ताच मोडा, शाळेत हसतील. त्या म्हणतात तसं करावं का?

उत्तर: नाही. या वयात ही सवय अगदी नेहमीची आहे, हिसकावून घेतलं तर तो उलट जास्त चिकटतो. जागा ठरवून द्या, दुपटं पलंगावर राहील, शाळेत जाताना दप्तरात खाली राहील, बाहेर काढायचं नाही पण आहे हे त्याला माहीत असेल. सासूबाईंना हवं तर त्या दुपट्याचाच हातरुमालाएवढा तुकडा कडा शिवून दप्तरासाठी करून द्यायला सांगा. माणसांकडे बघतच नाही, हाकेला ओ देत नाही, दिवसभर फक्त दुपट्यातच असतो असं दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तेव्हा प्रश्न दुपट्याचा नसतो.