तीओ म्हणजे मामा की काका?

«पुढच्या आठवड्यात स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत 'माझं कुटुंब' यावर बोलायचंय. मामा, काका, आत्याचे यजमान, सगळ्यांना तीओच म्हणायचं का? आणि आपल्याकडे मामा वेगळा असतो हे त्यांना समजावू कसं?»

हो, सगळे तीओच. पण यात बिचकण्यासारखं काही नाही, कारण असंच आपणही रोज करतो. इंदुरात शेजारच्या हिंदी घरात फूफाजी वेगळे आणि मौसाजी वेगळे. आपण मात्र आत्याच्या यजमानांना काका म्हणतो, मावशीच्या यजमानांनाही काका, आणि वडिलांच्या भावाला तर काका आहेच. घोटाळा होत नाही, कारण गरज पडली की आपण 'देवासचे काका' किंवा 'आत्याचे यजमान' म्हणतो. स्पॅनिश माणूसही तेच करतो: 'मी तीओ, एल दे सेबीया', म्हणजे सेव्हिलचा तीओ.

तेव्हा मामांचा पहिला उल्लेख येईल तिथे नातं उलगडून सांग: 'मी तीओ, एल एरमानो दे मी माद्रे', माझा तीओ, म्हणजे आईचा भाऊ. काकांसाठी 'दे मी पाद्रे'. पुढे नुसतं तीओ आणि नाव पुरे. 'तीओ मातेर्नो' हा शब्द बरोबर आहे, पण बोलताना फार कागदी वाटतो. त्यापेक्षा 'पोर पार्ते दे माद्रे', आईकडून, हे सहज ऐकू येतं. आत्याचे यजमान लग्नाने जोडलेले, म्हणून 'तीओ पोलीतिको'. याचा राजकारणाशी काही संबंध नाही. सख्ख्या नात्यातल्या तीओला 'कार्नाल' म्हणतात.

आता एक गोष्ट मात्र नक्की सांभाळ. मामा आणि काका हे शब्द स्पॅनिश वाक्यात तसेच घालू नकोस. आमच्याकडे एक स्पॅनिश पाहुणे जेवायला आले होते. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, 'मी मामा बिबे एन देवास.' माझा मामा देवासला राहतो, असं मला म्हणायचं होतं. पाहुण्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. ती शेजारी उभी राहून त्यांना पोळी वाढत होती. त्यांनी ऐकलं होतं, 'माझी आई देवासला राहते', कारण स्पॅनिशमध्ये शेवटच्या अक्षरावर जोर दिलेला 'मामा' म्हणजे आई. आणि 'काका' हा तिथे लहान मुलांच्या शीचा शब्द. आपले शब्द सांगायचेच असतील तर आधी नातं सांग, मग 'एन मराठी से दीसे...' असं म्हणून शब्द दे.

बहुवचनातही असाच खड्डा आहे. 'मीस तीओस' म्हटलं की ऐकणारा बहुधा काका-काकूंची जोडी समजतो. तुला मामा आणि काका असे दोन पुरुष म्हणायचे असतील तर दोघांची नावं घे.

मामा वेगळा का, हे सांगायला व्याख्या कामाची नाही, लग्न सांग. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. हे काम काकाचं नाही. वाक्य असं करता येईल: 'एल एरमानो दे ला माद्रे आकोंपान्या आ ला नोबिया.' आईचा भाऊ नवरीला सोबत घेऊन येतो. याच्या मागचं कारण विचारलं तर हेही सांग की महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काकाच्या मुलीशी नाही, कारण ती बहीण. म्हणून मामा हा होऊ शकणारा सासराही असतो. जुन्या घरांत सुना सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत, ते तू ऐकलं असशीलच. जिथे दोन्हीकडच्या भावांची कामं आणि नियम इतके वेगळे, तिथे एक शब्द पुरणार कसा?

परीक्षकांना हे परकं वाटू नये म्हणून लॅटिनचा आधार घे. लॅटिनमध्ये आईचा भाऊ 'आवुंकुलुस', वडिलांचा भाऊ 'पात्रुउस'. आत्या आणि मावशी यांनाही वेगळे शब्द होते, 'आमिता' आणि 'मातेर्तेरा'. स्पॅनिशने हे चारही बाजूला ठेवले आणि ग्रीकमधून लॅटिनात आलेला शब्द धरून तीओ-तीआ केले. म्हणजे आपल्यासारखा फरक त्यांच्या भाषेच्या आजीकडे होता.

भाचा आणि पुतण्या दोघेही 'सोब्रीनो', चुलत, मामे, आते, मावस सगळी भावंडं 'प्रीमो'. तिथेही हीच युक्ती चालते. 'एरमानो' मात्र सख्ख्यासाठीच ठेव, नाहीतर मावसभाऊ एकदम सख्खा होऊन बसेल.

आणि मुलाचे सासरे आले तर अडू नकोस. व्याह्यांसाठी स्पॅनिशमध्ये सरळ 'कोन्सुएग्रो' आहे, विहिणीला 'कोन्सुएग्रा'. साडूसाठीही 'कोन्कुन्यादो' आहे. इथे उलगडून सांगायची गरजच नाही, शब्दाला शब्द मिळतो.